क्रेडिट कार्डाच्या वार्षिक शुल्कमाफीचा हिशेब: शुल्क लागण्यापूर्वी खर्च कसा तपासावा

भारतातील बहुतेक सशुल्क क्रेडिट कार्डांना एक अट जोडलेली असते: सरलेल्या वर्षात ठरावीक रकमेचा खर्च झाला असेल, तर पुढील वर्षाचे शुल्क माफ होते. एसबीआय कार्डच्या सिम्प्लीक्लिक कार्डाचे वार्षिक शुल्क ४९९ रुपये ठेवण्यात आले आणि माफीसाठी एक लाखाच्या खर्चाची अट घालण्यात आली. त्याच कंपनीच्या कॅशबॅक कार्डाचे शुल्क ९९९ रुपये आणि अट दोन लाखांची. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ९९९ रुपयांचे शुल्क स्टेटमेंटवर १,१७८ रुपये ८२ पैसे होऊन येते.

अट एका वाक्यात मावते, पण त्या वाक्यातील ‘वर्ष’ आणि ‘खर्च’ या दोन्ही शब्दांचा बँकेला अभिप्रेत असलेला अर्थ ग्राहकाच्या मनातील अर्थाहून वेगळा असतो. ॲपवर दिसणारा एकूण खर्च दोन लाखांच्या पुढे गेलेला असूनही शुल्क लागते, ते बहुतेक वेळा बँकेच्या चुकीमुळे नव्हे, तर त्या एकूण रकमेतील बराच भाग अटीसाठी मोजलाच गेलेला नसतो म्हणून. बँकेच्या पद्धतीने आपण स्वतः हिशेब कसा मांडायचा आणि तो वर्ष संपण्याच्या किती आधी तपासायचा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: वर्ष कोणते, ते नक्की करा

शुल्कमाफीचे वर्ष सहसा जानेवारी ते डिसेंबर किंवा एप्रिल ते मार्च असे नसते. कार्ड मंजूर झाल्याच्या तारखेपासून बारा महिने, असे ते धरले जाते. त्याला आपण कार्डवर्ष म्हणू. आयकराच्या सवयीने ३१ मार्चची तारीख डोक्यात ठेवून खर्चाचे नियोजन करणारा ग्राहक इथेच फसतो, कारण त्याचे कार्डवर्ष कदाचित ऑगस्टमध्येच संपलेले असते.

ही तारीख शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे जुनी स्टेटमेंट उघडून प्रवेशशुल्क किंवा वार्षिक शुल्क ज्या दिवशी नोंदले गेले तो दिवस पाहणे. मात्र शुल्काची नोंद कार्ड मंजूर झाल्यावर काही दिवसांनी, कधी पहिल्या वापरानंतर किंवा पहिल्या स्टेटमेंटच्या वेळी होते, त्यामुळे त्या दिवसावरून केवळ अंदाज बांधावा आणि खात्री बँकेकडून करून घ्यावी. ग्राहकसेवेला ईमेल पाठवून किंवा ॲपमधील तक्रार-विनंतीच्या सोयीतून तीन प्रश्न विचारावेत: माझ्या कार्डाचे चालू कार्डवर्ष कोणत्या तारखेला सुरू झाले आणि कोणत्या तारखेला संपते; त्या काळात शुल्कमाफीसाठी आजवर किती खर्च धरला गेला आहे; आणि कोणत्या प्रकारचे व्यवहार त्यात धरले जात नाहीत. फोनवर मिळालेले तोंडी उत्तर पुढे वाद झाल्यास उपयोगी पडत नाही, म्हणून लेखी उत्तराचा आग्रह धरावा. हरवलेल्या कार्डाच्या जागी नवे कार्ड मिळाले असेल किंवा कार्ड वरच्या श्रेणीत बदलून घेतले असेल, तर पहिला प्रश्न आवर्जून विचारावा, कारण श्रेणी बदलल्यावर कार्डवर्ष नव्याने सुरू होऊ शकते आणि आधीचा खर्च त्यात येईलच असे नाही.

आणखी एक बारीक बाब इथेच सांगायला हवी. कार्डवर्ष आणि बिलाचे चक्र यांच्या तारखा क्वचितच जुळतात. स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला निघत असेल आणि कार्डवर्ष ८ ऑगस्टला संपत असेल, तर बारा स्टेटमेंटची बेरीज म्हणजे कार्डवर्षाचा खर्च नव्हे. पहिल्या आणि शेवटच्या स्टेटमेंटमधील काही व्यवहार दुसऱ्या वर्षाचे असतात. शिवाय स्टेटमेंटवरील ‘एकूण देय’ या आकड्यात मागील बाकी, व्याज, शुल्क आणि हप्तेही येतात. म्हणून त्या आकड्यांची बेरीज न करता एकेक व्यवहार मोजणे हाच खरा मार्ग आहे.

दुसरी पायरी: कोणता खर्च मोजला जातो, ते वाचा

कार्डासोबत मिळणाऱ्या दस्तऐवजांपैकी दोन महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे सर्वात महत्त्वाच्या अटी व शर्तींचे पत्रक, ज्याला बँकांचे लोक एमआयटीसी म्हणतात. आणि दुसरे म्हणजे त्या विशिष्ट कार्डाच्या फायद्यांच्या अटी. शुल्कमाफीची रक्कम दोन्हीकडे सापडू शकते, पण वगळलेल्या व्यवहारांची यादी बहुधा दुसऱ्या पत्रकात, तीही तळटिपेत असते. रिवॉर्ड पॉइंट न मिळणारे व्यवहार आणि शुल्कमाफीसाठी न मोजले जाणारे व्यवहार या दोन स्वतंत्र याद्या असतात, हे लक्षात ठेवावे. एखाद्या व्यवहारावर पॉइंट मिळत नसतील पण तो शुल्कमाफीसाठी धरला जात असेल, हे शक्य आहे. आणि याच्या उलटही.

काही रकमा जवळपास सगळीकडेच वगळल्या जातात: एटीएममधून काढलेली रोकड, व्याज, दंड, खुद्द वार्षिक शुल्क आणि त्यांवरील कर. यांच्या पलीकडे प्रत्येक बँकेची यादी वेगळी असते. घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, पेट्रोल-डिझेल, सरकारी कर, शाळा-महाविद्यालयांचे शुल्क, विम्याचे हप्ते, वीज-पाण्याची बिले यांपैकी काही किंवा बरेच व्यवहार वगळलेले असतात, आणि या याद्या गेल्या काही वर्षांत लांबत गेल्या आहेत. कार्ड घेतले तेव्हाचे पत्रक जपून ठेवण्याजोगे असते, पण हिशेबासाठी आजचे पत्रक बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे.

व्यवहार कोणत्या प्रकारात बसतो, हे आपण काय विकत घेतले यावर ठरत नाही. प्रत्येक व्यापाऱ्याला त्याच्या बँकेने चार आकड्यांचा एक व्यवसायसंकेत दिलेला असतो, ज्याला मर्चंट कॅटेगरी कोड म्हणतात. पेट्रोल पंपांना ५५४१ किंवा ५५४२, कर भरण्याच्या व्यवहारांना ९३११, वीज-पाण्यासारख्या सेवांना ४९००, वॉलेट भरण्याला ६५४०, घरभाड्याला ६५१३ असे हे संकेत असतात. पंपाच्या आवारातील दुकानातून घेतलेला किराणा पंपाच्याच यंत्रावर कार्ड फिरवून दिला, तर तो इंधनात मोजला जाण्याची शक्यता मोठी. आणि एखाद्या ॲपमधून भरलेले वीजबिल त्या ॲपच्या संकेताखाली नोंदले जाईल की वीजसेवेच्या, हे स्टेटमेंटवरील नावावरून नेहमी कळत नाही. म्हणून मोठा व्यवहार करण्याआधी त्याच व्यापाऱ्याकडे शंभर-दोनशे रुपयांचा एक छोटा व्यवहार करावा आणि तो मोजला गेला का, हे बँकेला विचारावे किंवा ॲपवर शुल्कमाफीची प्रगती दिसत असेल तर तिथे पाहावे.

मासिक हप्त्यांच्या खरेदीकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. चाळीस हजारांचा फोन हप्त्यांवर घेतला, तर काही बँका पूर्ण चाळीस हजार एकदम मोजतात, काही फक्त त्या कार्डवर्षात नोंदले गेलेले हप्ते मोजतात, तर काही हप्त्यांचे व्यवहार पूर्णपणे वगळतात. साधी खरेदी नंतर हप्त्यांत बदलून घेतली, तर स्टेटमेंटवर मूळ रक्कम जमा दाखवून नंतर हप्ते नावे टाकले जातात आणि मोजलेला खर्च अचानक कमी होऊ शकतो. ज्या बँकेच्या पत्रकात याचा स्पष्ट उल्लेख नाही, तिथे कार्डवर्षाच्या अखेरच्या महिन्यांत खरेदी हप्त्यांत बदलून घेऊ नये, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: हिशेबाची वही

गुगल शीट किंवा एक्सेलमध्ये पाच स्तंभांची एक तालिका पुरते. पहिल्या स्तंभात व्यवहार खात्यात नोंदला गेल्याची तारीख, दुसऱ्यात व्यापाऱ्याचे नाव, तिसऱ्यात रक्कम, चौथ्यात व्यवहाराचा प्रकार आणि पाचव्यात तो शुल्कमाफीसाठी मोजला जातो का, याचे उत्तर. या पाचव्या स्तंभात होय, नाही आणि शंका अशी तीन उत्तरे ठेवावीत. शंकेचे खाते वेगळे ठेवल्यामुळे खात्रीचा खर्च आणि आशेचा खर्च एकमेकांत मिसळत नाहीत. कार्डवर्षाची पहिली तारीख बाजूच्या H1 आणि शेवटची तारीख H2 या चौकटीत लिहिली की खात्रीच्या खर्चाची बेरीज अशी निघते:

```
=SUMIFS(C:C,A:A,">="&H1,A:A,"<="&H2,E:E,"होय")
```

‘होय’च्या जागी ‘शंका’ लिहून शेजारी दुसरी बेरीज ठेवावी. बिलाचा भरणा या तालिकेत लिहू नये. परत आलेले पैसे मात्र उणे चिन्ह लावून अवश्य लिहावेत आणि मूळ व्यवहाराला जे उत्तर दिले होते तेच परताव्याला द्यावे. वगळलेल्या व्यवहाराचा परतावा मोजलेल्या खर्चातून वजा करण्याचे कारण नाही. मागील कार्डवर्षातील खरेदीचे पैसे या वर्षात परत आले असतील, तर ती नोंद शंकेत टाकावी, कारण काही बँका परतावा आल्या दिवशीच्या वर्षातून रक्कम कापतात. बँकेने जमा केलेला कॅशबॅक हा परतावा नसतो, तरी जमा बाजूच्या नोंदींत तो सहज मिसळतो. त्याला वेगळे नाव द्यावे.

तारखेच्या स्तंभात नोंद झाल्याची तारीख घेण्याचे कारण असे, की कार्ड फिरवल्यापासून व्यवहार पक्का होऊन खात्यात उतरेपर्यंत साधारण एक ते तीन दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात. हॉटेलने खोलीसाठी अडकवून ठेवलेली रक्कम तर बिल निघेपर्यंत खर्च धरलीच जात नाही. कार्डवर्षाच्या शेवटच्या दिवशी केलेली खरेदी म्हणूनच पुढच्या वर्षात जाऊ शकते. शेवटचा मोठा व्यवहार वर्ष संपण्याच्या निदान पंधरा दिवस आधी उरकावा. घरातील व्यक्तीकडे पुरवणी कार्ड असेल, तर त्यावरील खर्च सामान्यतः मुख्य खात्यातच मिळतो, पण ही गोष्टही त्या लेखी प्रश्नांत घालावी. रुपे क्रेडिट कार्डावरून यूपीआयने केलेल्या खरेदीबाबतही तसेच.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, कार्डाचे शुल्क ९९९ रुपये आहे, माफीची अट दोन लाखांची आहे, आणि कार्डवर्ष ९ ऑगस्टला सुरू होऊन पुढील ८ ऑगस्टला संपते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्राहक ॲप उघडतो आणि त्याला वर्षभराचा खर्च १,८६,४०० रुपये दिसतो. अजून दोन महिने आहेत आणि फक्त १३,६०० रुपये उरले आहेत, म्हणजे किराण्यातच काम होईल, असे त्याला वाटते.

तालिका भरल्यावर वेगळे चित्र दिसते. बँकेच्या पत्रकात इंधन, सरकारी भरणा आणि वॉलेट वगळलेले आहेत. वर्षभरात पेट्रोल पंपावर २१,६०० रुपये गेले, महापालिकेचा मालमत्ता कर १६,००० रुपये भरला, वॉलेटमध्ये ८,००० रुपये टाकले. डिसेंबरमध्ये घेतलेला १४,५०० रुपयांचा फोन परत केला, पण ॲपच्या खर्चाच्या आलेखात फक्त नावे रकमा मोजल्या जात असल्याने ती खरेदी तशीच राहिली. वर्षाच्या सुरुवातीला लागलेले शुल्क आणि त्यावरचा कर मिळून १,१७९ रुपयेही त्याच आलेखात आहेत. हे सारे मिळून ६१,२७९ रुपये होतात. मोजला जाणारा खर्च राहतो १,२५,१२१ रुपये, आणि अटीला अजून ७४,८७९ रुपये कमी आहेत.

जूनमध्ये हे कळले म्हणून त्याच्या हातात निर्णय उरतो. गणपतीच्या सुमारास घ्यायचे ठरलेले ३१,००० रुपयांचे वॉशिंग मशीन जुलैच्या मध्यापूर्वी घेता येते. दोन महिन्यांचा किराणा १८,००० रुपयांचा आहे. २४,००० रुपयांचा विम्याचा हप्ता जुलैत भरायचा आहे. औषधे आणि इंटरनेटचे बिल मिळून ५,२०० रुपये. बेरीज ७८,२०० रुपये होते, एकूण मोजलेला खर्च २,०३,३२१ रुपयांवर जातो आणि ३,३२१ रुपये हाताशी राहतात. यातील एकही खर्च शुल्कमाफीसाठी ओढूनताणून केलेला नाही. केवळ वेळ आणि भरण्याचे साधन बदलले आहे.

या योजनेचा कच्चा दुवा विम्याचा हप्ता आहे. बँकेने विमा मोजला जात नाही असे कळवले, तर एकूण १,७९,३२१ रुपयांवरच थांबेल आणि २०,६७९ रुपये कमी पडतील. अशा वेळी १,१७९ रुपये वाचवण्यासाठी गरज नसलेल्या वीस हजारांच्या वस्तू घेणे हा शुद्ध तोटा आहे. वस्तू घेऊन परत करण्याचा मार्ग कामाचा नाही, कारण परताव्याबरोबर मोजलेला खर्चही मागे येतो, आणि वारंवार तसे केल्यास बँक खात्याच्या वापराबद्दल प्रश्न विचारू शकते. गिफ्ट व्हाउचर घेऊन अंतर भरून काढणारे अनेक जण आहेत. पण व्हाउचरचे व्यवहार सगळीकडे मोजले जात नाहीत, त्यात पैसा अडकून पडतो आणि व्हाउचरला मुदत असते. ज्या दुकानातून तुम्ही पुढील दोन-तीन महिन्यांत नक्की खरेदी करणार आहात तिथलेच, आणि मोजले जाते याची खात्री झाल्यावरच, व्हाउचर घ्यावे. तसे नसेल तर शुल्क भरावे किंवा कार्ड बंद करावे. कार्डामुळे वर्षात मिळालेला कॅशबॅक शुल्काच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर माफी न मिळूनही कार्ड ठेवणे शहाणपणाचे ठरू शकते.

शुल्क लागल्यावर

अट पूर्ण झालेली असेल तर काही बँका शुल्क लावतच नाहीत. काही बँका मात्र आधी शुल्क लावतात आणि हिशेब करून ते पुढील स्टेटमेंटमध्ये किंवा आणखी काही काळाने परत जमा करतात. तुमची बँक यांपैकी कोणती पद्धत वापरते, हे अटींच्या पत्रकात लिहिलेले असते. दुसरी पद्धत असेल तर शुल्क दिसताच घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ते परत येणारच आहे म्हणून बिलातून तेवढी रक्कम कापून भरणा करणे फार महागात पडते. पूर्ण देय न भरल्यास व्याजमुक्त काळ जातो आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. पूर्ण बिल भरावे. शुल्क परत आले की ते पुढील बिलातून वजा होते. जमा नोंद आल्यावर शुल्काची आणि जीएसटीची अशा दोन्ही ओळी उलटल्या आहेत का, हे पाहावे.

बँकेने शुल्क परत केले नाही आणि तुमच्या तालिकेप्रमाणे अट पूर्ण झाली असेल, तर तालिकेची प्रत, संबंधित स्टेटमेंट आणि बँकेचे आधीचे लेखी उत्तर जोडून तक्रार करावी व तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. मोजलेल्या खर्चाचा व्यवहारवार तपशील मागावा. ‘अट पूर्ण झालेली नाही’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. वाद बहुतेकदा एक-दोन मोठ्या व्यवहारांच्या व्यवसायसंकेतावर येऊन ठेपतो, आणि तो व्यवहार नेमका कोणता हे कळले की पुढचे बोलणे सोपे जाते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते.

अट वर्षाच्या मध्येच बदलली असेल, तर रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांविषयीचे निर्देश उपयोगी पडतात. शुल्कातील बदल किमान एक महिना आधी कळवून आणि पुढील काळासाठीच लागू करता येतात, आणि बदल आपल्याला तोट्याचा वाटल्यास देणी चुकती करून, कार्ड बंद करण्यासाठी वेगळे शुल्क न देता, ते परत करता येते. बँकांकडून येणारे ‘अटींतील बदल’ असे ईमेल न वाचता पुसून टाकणे म्हणूनच योग्य नाही.

कार्ड बंद करायचे ठरले, तर विनंती कार्डवर्ष संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करावी. ती आल्यावर बँका बऱ्याचदा कार्ड टिकवण्यासाठी प्रस्ताव देतात, जसे की पुढील काही दिवसांत अमुक खर्च केल्यास शुल्क परत. असा प्रस्ताव स्वीकारायचा तर रक्कम, मुदत आणि वगळलेले व्यवहार हे तिन्ही ईमेलवर मागून घ्यावेत. बंद करण्याआधी पॉइंट वापरून टाकावेत, ओटीटी, वीज, विमा यांसाठी दिलेल्या स्वयंचलित भरण्याच्या सूचना दुसऱ्या कार्डावर न्याव्यात आणि बाकी शून्य करावी. बाकी शून्य असेल तर कार्ड सात कामकाजी दिवसांत बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास प्रतिदिन ५०० रुपये ग्राहकाला देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत आहे. बंद झाल्याची लेखी पोच जपून ठेवावी आणि दोनेक महिन्यांनी स्वतःचा क्रेडिट अहवाल काढून ते खाते बंद दाखवले आहे ना, हे पाहून घ्यावे.